छोट्या खोलीतले ऑयस्टर मशरूम: बेड किती भरायचे, हे गिऱ्हाईक ठरवतं

प्रश्न: घरात दहा बाय दहा फुटांची एक खोली रिकामी आहे. तिच्यात ऑयस्टर मशरूम लावायचा विचार आहे. व्हिडिओत सगळेच भरपूर नफा सांगतात. खरा खर्च किती येतो, माल किती खराब होतो आणि विकायचा कुणाला? सुरुवातीला किती बेड भरू?

उत्तर:

तुमच्या चार प्रश्नांतला शेवटचा मी आधी घेते, कारण बाकीच्या तिघांची उत्तरं त्यावरच ठरतात. दर आठवड्याला दहा बेड भरा, त्याहून जास्त नको. एकदम शंभर भरू नका. तेवढे बेड खोलीत दाटीवाटीने मावतीलही, पण एकाच दिवशी भरलेले बेड तीन-चार दिवसांच्या फरकाने एकदमच फुलतात. मग फ्रिजशिवाय दीड दिवस टिकणारा तीस-चाळीस किलो माल हातात येतो आणि गिऱ्हाईक पाचच असतात. ऑयस्टर उगवणं तसं सोपं आहे. छोट्या खोलीतला धंदा बसतो तो बहुतेक वेळा तोडणीनंतरच्या दोन दिवसांत.

या दहा बेडांचाच हिशोब मांडू. बेड म्हणजे १ किलो कोरडं काड, भाताचं किंवा गव्हाचं. भिजून निथळल्यावर ते साधारण ३ किलो होतं. त्यात १०० ग्रॅम स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, जातं. एवढा ऐवज ३५ बाय ५० सेंटिमीटरच्या प्लॅस्टिक पिशवीत आरामात बसतो. भरल्यापासून सुमारे तीन आठवडे बुरशी काडात पसरते आणि पिशवी आतून पांढरी होते. पुढच्या आठवड्या-दहा दिवसांत पहिला बहर येतो आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांनी दुसरा. तिसराही येतो, पण तो तुटपुंजा असतो आणि जुना बेड माश्यांना बोलावणं धाडत असतो. म्हणून खोली लहान असेल तर सातव्या आठवड्याच्या शेवटी बेड बाहेर काढावा, असं माझं मत आहे. म्हणजे दर आठवड्याला दहा भरत गेलात की कोणत्याही वेळी घरात सत्तरएक बेड असतात: तीस पांढरे होत असलेले, चाळीस फुलणारे. दहा बाय दहाची खोली तेवढ्याने भरते.

आता उत्पन्न. कोरड्या काडाच्या वजनाएवढं ताजं मशरूम मिळतं हे व्हिडिओतलं वाक्य खोटं नाही, पण तो जमलेला हात असतो. नवख्याने १ किलो काडामागे ६०० ग्रॅम धरावं: पहिल्या बहरात पावणेचारशे, दुसऱ्यात सव्वादोनशे. दहांपैकी दोन बेड खराब होतील असंही धरावं. राहिले आठ, त्यांचे ४ किलो ८०० ग्रॅम. त्यातलं तुटकं, वाळकं, बोटभर राहिलेलं बाजूला काढलं की विकण्याजोगं ४ किलोच्या आसपास उरतं. आठवड्याला ४ किलो.

खर्च मी पैशांत सांगत नाही, मशरूमच्या किलोत सांगते. स्पॉन, काड आणि वीज यांचे भाव जागोजागी वेगळे असतात, पण एक किलो मशरूम थेट गिऱ्हाइकाला विकून जेवढे पैसे येतात त्यातला किती वाटा कशात जातो, हे त्या मानाने फार हलत नाही. तुमचा भाव घालून आकडे खाली-वर करा. दहा बेडांना १ किलो स्पॉन लागतं, त्याला ६०० ग्रॅम मशरूमचे पैसे धरा. १० किलो काड आणि ते आणण्याचा खर्च, ५०० ग्रॅम. १०० लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापवून तासभर तसंच ठेवायला विजेची साधारण ८ युनिटं जातात, त्याचे ४०० ग्रॅम. पिशव्या, दोरा, सॅनिटायझर, मास्क मिळून १००. पंखा आणि ओलाव्याची वीज २००. पाकिटं आणि लेबल ४००. माल पोहोचवायला ६००. बेरीज २ किलो ८०० ग्रॅम.

४ किलोतून २ किलो ८०० गेले. उरलं १ किलो २०० ग्रॅम. आणि त्यासाठी तुमचे आठवड्याचे दहा-बारा तास जातात: काड कापणं, भिजवणं, भरणं, रोजची फवारणी आणि तोडणी, पाकिटं भरणं, घरोघर पोहोचवणं. ड्रम, शेगडी, मांडणी, बाहेर हवा फेकणारा पंखा, जाळी, तापमान आणि ओलावा दाखवणारा मीटर, प्लॅस्टिकचा तंबू, या सगळ्याचा सुरुवातीचा खर्च ६० ते ७० किलो मशरूमच्या पैशांएवढा सहज होतो. आठवड्याला सव्वा किलो उरत असेल तर तो फिटायला वर्ष लागतं. पहिले चार-पाच आठवडे तर फक्त खर्चच असतो.

हा हिशोब वाचून हिरमुसायच्या आधी त्यात काय केल्याने काय बदलतं ते पाहा, कारण खरी माहिती तिथे आहे. एकही बेड खराब झाला नसता तर ५ किलो विकायला मिळालं असतं आणि खर्च जवळजवळ तोच राहिला असता. म्हणजे दहांपैकी दोन बेड गेले तेव्हा नफ्याचा पाचवा भाग नाही, जवळजवळ निम्मा नफा गेला. हात बसला, दहांत एकच बेड जाऊ लागला आणि काडामागे ८०० ग्रॅम मिळू लागलं, तर विकण्याजोगं ६ किलो होतं. पाकिटं आणि पोहोच थोडी वाढून खर्च ३ किलो १०० ग्रॅमवर जातो आणि हातात जवळजवळ ३ किलो राहतं. त्याच खोलीत, त्याच दहा बेडांत अडीच पट. उलट बाजूही बघा. ४ किलोतला एकच किलो न विकता सडला तर आठवड्याची कमाई २०० ग्रॅमवर येते. म्हणून खोलीत बेड वाढवण्याच्या आधी नासाडी आणि विक्री या दोन गोष्टी ताब्यात याव्या लागतात.

नासाडी दोन ठिकाणी होते, बेडात आणि तोडणीनंतर. बेडातली आधी.

काड ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करून रात्रभर भिजवायचं, मग ६५ ते ८० अंशांच्या पाण्यात तास-दीड तास बुडवून ठेवायचं. काड वर तरंगतं, म्हणून वर जाळी ठेवून वजन द्या, नाहीतर वरचा थर कच्चा राहतो आणि तोच पुढे हिरवा पडतो. तापमान ड्रमच्या मधोमध मोजा, कडेला नाही. पुष्कळ ठिकाणी फॉर्मालिन आणि कार्बेन्डाझिमच्या पाण्यात काड भिजवायला शिकवतात. इंधन वाचतं हे खरं, पण राहत्या घरात फॉर्मालिनची वाफ आणि खाण्याच्या मालाखाली बुरशीनाशक या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. गरम पाण्याने काम होतं.

त्यानंतर निथळणं, आणि नवखे लोक इथेच घाई करतात. काड उतरत्या जागेवर पसरून ठेवा. मूठभर घेऊन जोरात दाबलं की बोटांच्या फटीत एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. धार लागली तर अजून थांबा. ओलं काड भरलं की पाणी बेडाच्या बुडाशी साठतं, तिथे हवा पोचत नाही आणि चार-पाच दिवसांत आंबट, कुजका वास सुटतो. असा बेड परत जुळून येत नाही. काड पूर्ण गार झाल्याशिवाय स्पॉन घालू नका. हाताला कोमट लागतं म्हणजे आत अजून गरम असतं.

स्पॉनच्या पाकिटातला प्रत्येक दाणा पांढऱ्या बुरशीने झाकलेला हवा आणि वास ताज्या मशरूमचा हवा. कुठेही हिरवा, काळा, नारिंगी ठिपका किंवा तळाशी पिवळट पाणी दिसलं तर ते पाकीट परत करा. ते वापरून वाचवलेले पैसे काड, इंधन आणि तीन आठवडे वाट पाहण्याला पुरत नाहीत. जात निवडताना आधी खोलीचं तापमान पाहा. ऑस्ट्रिएटसला गारवा लागतो, १० ते २० अंश. फ्लोरिडा २० ते २५ अंशांत चांगलं येतं. साजर-काजू आणि पल्मोनेरियस ३० अंशांच्या आसपासही तग धरतात. गुलाबी ऑयस्टर उन्हाळ्यात झपाट्याने येतं, दिसायलाही सुरेख असतं, पण तोडल्यावर सगळ्यांत आधी तेच खराब होतं. त्याचं स्पॉन फ्रिजमध्ये ठेवलं तर मरतं. खोलीला एसी लावून जात बदलायचा विचार असेल, तर वरच्या हिशोबात विजेचा आकडा किती होईल ते आधी लिहून पाहा.

भरल्यावर बेड अंधाऱ्या जागी, एकमेकांना न चिकटवता ठेवा. बुरशी वाढताना बेड आतून तापतो आणि आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्त असतं. रचून ठेवलेल्या बेडांतले मधले त्यामुळे शिजतात, आणि बाहेरून ते कळत नाही. भोकं आधी पाडली असतील तर सारख्या अंतरावर, पेन्सिलीएवढी असू द्या.

हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, कधी ना कधी येणारच. ती कुठे आली हे नीट पाहिलं तर चूक कुठे झाली ते कळतं. एकाच दिवशी भरलेल्या सगळ्या बेडांत हिरवं स्पॉनच्या दाण्यांपासूनच सुरू झालं असेल तर स्पॉन खराब होतं. सगळ्या बेडांत जागोजागी, काडावर ठिपके उठले तर पाणी पुरेसं तापलं नव्हतं. एखाद्याच बेडात भोकाजवळ किंवा तोंडाशी दिसलं तर हात, सुई किंवा माशी. बेडाचा मधला भाग काळपट आणि आंबट असेल तर ओलावा किंवा उष्णता. वर पातळ दांड्याच्या काळ्या पडून विरघळणाऱ्या छत्र्या उगवल्या तर काड फार ओलं राहिलं आहे. दुसरा बहर निघून गेल्यावर बेड हिरवा पडला तर काळजी करू नका, त्याचं आयुष्य संपलेलं असतं.

नाण्याएवढा हिरवा डाग असेल आणि भोवतालची पांढरी वाढ जोमात असेल तर बेड वेगळा ठेवून दोन दिवस बघायला हरकत नाही. त्याहून मोठा असेल तर पिशवी बंद असतानाच घराबाहेर न्या. हिरवा रंग धुरकट, भुकटीसारखा होईपर्यंत वाट पाहू नका आणि खोलीत तर पिशवी अजिबात उघडू नका. ती भुकटी म्हणजे बीजाणू, आणि ते पुढच्या आठवड्याच्या दहा बेडांवर जाऊन बसतात. दर आठवड्याला थोडे बेड भरण्याचा एक तोटा हाच आहे की खोली कधीच पूर्ण रिकामी होत नाही. म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा दोन आठवडे भरणं थांबवून खोली मोकळी करा, धुवा, कोरडी पडू द्या. गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवलं तर ते समजून घेतात.

फुलणाऱ्या बेडांना लागणारी हवा आणि ओलावा एकमेकांच्या विरोधात जातात. ओलावा ८५ ते ९० टक्के हवा. ताजी हवाही भरपूर हवी, आणि पंखा लावला की ओलावा उतरतो. मीटर काहीही दाखवो, शेवटी मशरूमकडे बघून ठरवायचं. दांडे लांब आणि टोप्या बारीक राहिल्या तर हवा कमी पडते आहे. कडा पिवळट होऊन चिरल्या तर वारा जास्त किंवा ओलावा कमी. टोप्यांवर तपकिरी, चिकट डाग आले तर पाणी टोपीवर साचून राहतं आहे. फवारणी भिंतीवर, जमिनीवर, हवेत करा. पिनहेडवर, म्हणजे नुकत्याच फुटलेल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या मशरूमवर, थेंब पडू देऊ नका. खोलीत वाचण्यापुरता उजेड असला की पुरे.

खोली घरातलीच आहे म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगते. महिनोन् महिने ९० टक्के ओलावा राहिला तर भिंती, दारं, शेजारच्या खोलीतलं कपाट, सगळ्यांना बुरशी चढते. म्हणून खोलीतच पाइपांच्या चौकटीवर जाड प्लॅस्टिक लावून तंबू करा. अडीच मीटर बाय पावणेदोन मीटरच्या तंबूत दोऱ्यांना टांगून चाळीस बेड बसतात. त्यातली हवा पाइपने थेट खिडकीबाहेर सोडा, घरात नाही. दुसरी गोष्ट बीजाणूंची. ऑयस्टर पिकलं की अतोनात बीजाणू सोडतं. ते रोज छातीत गेल्याने काहींना खोकला, ताप, धाप लागते आणि हा त्रास पुढे वाढत जातो. तंबूत जाताना चांगला मास्क लावा. घरात दम्याचं माणूस असेल तर ही खोली वापरू नका. जागा वेगळी मिळत नसेल तर बेत सोडून द्या.

आता तोडणीनंतरची नासाडी, जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. पिनहेड दिसल्यापासून चार-सहा दिवसांत मशरूम तोडायला येतं आणि शेवटच्या दिवसात ते झपाट्याने मोठं होतं. त्यामुळे "उद्या अजून वजन येईल" असा मोह होतो. टोपीची कड खाली वळलेली आहे तोवर तोडा. कड सपाट होऊन वर उलटली की बीजाणू पडू लागतात, माल पातळ आणि ठिसूळ होतो आणि टिकण्याचे दोन दिवस कमी होतात. ते वाढलेलं वजन वायाच जातं. तोडणीच्या आधी काही तास फवारणी बंद ठेवा. पूर्ण झुपका धरून पिळून काढा, बुडाचं काड तिथेच कापा आणि मशरूम धुऊ नका. ओलं मशरूम पाकिटात घातलं तर ते एका रात्रीत चिकट होतं.

तोडल्यावरही मशरूम जोरात श्वास घेत असतं आणि स्वतःच तापतं. म्हणून पहाटे तोडा आणि पसरट ट्रेमध्ये एका थरात लगेच फ्रिजमध्ये ठेवा. गार झाल्यावरच पाकिटं भरा. गरम माल हवाबंद पिशवीत कोंडला की आत दव धरतं. पाकिटाला भोकं हवीत किंवा कागदी पाकीट हवं. एवढं केलं तर २ ते ४ अंशांत पाच ते सात दिवस मिळतात. बाहेर ठेवलं तर एक-दीड दिवस, आणि उकाड्यात सकाळचा माल संध्याकाळी नरम पडलेला असतो. गिऱ्हाइकाला मात्र तीनच दिवस सांगा, कारण त्याच्या फ्रिजचा आणि सवयीचा भरवसा नाही. आणि पूर्ण शिजवूनच खायचं, हेही पाकिटावर लिहा.

उरलेलं वाळवून विकू, असं बहुतेक जण मनाशी म्हणतात. ताज्या मशरूममध्ये नव्वद टक्के पाणी असतं. १० किलो ताज्याचं १ किलो वाळलेलं होतं. म्हणजे वाळलेल्याला ताज्याच्या दहा पट भाव मिळाला तर तुम्ही फक्त बरोबरीत आलात, ड्रायरची वीज वेगळीच. तुटका, छोटा माल ५० अंशांच्या आसपास कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवायला ठीक आहे. धंद्याचा आधार म्हणून त्याच्याकडे पाहू नका.

राहिला विकण्याचा प्रश्न. ४ किलो म्हणजे २०० ग्रॅमची वीस पाकिटं. मशरूम आवडणारं घरही दर आठवड्याला घेत नाही, पंधरा दिवसांतून एकदा घेतं. म्हणजे फक्त घरगुती विक्री करायची तर चाळीस नियमित घरं लागतात. हा आकडा पाहिला की शंभर बेडांचं स्वप्न आपोआप जमिनीवर येतं. चाळीस घरं ओळखीतून एकदम मिळत नाहीत. आधी पाच-सहा बेड चाचणी म्हणून भरा आणि तो माल विकू नका, छोट्या पाकिटांतून वाटा. आठवड्याने विचारा, "खाल्लंत का? पुन्हा घ्याल का?" बऱ्याच घरांत ते फ्रिजमध्ये तसंच पडलेलं असेल, कारण करायचं कसं ते माहीत नसतं. पाकिटासोबत दोन ओळींत लिहून द्या: हाताने उभे तुकडे फाडा, मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परता, मीठ शेवटी घाला. माझ्या अनुभवात पुन्हा घेणाऱ्यांची संख्या या दोन ओळींनी जेवढी वाढते तेवढी सवलतीने वाढत नाही.

पोहोचवण्याचे वार ठरवून घ्या, आठवड्यातून दोनच, आणि मागणी आदल्या दिवशी घ्या. बहर दोन दिवस पुढे-मागे झाला तर फ्रिज ते सांभाळून घेतो. गिऱ्हाईक रोज वेगळ्या वेळी बोलवायला लागलं तर पोहोचवण्याचे ६०० ग्रॅम बघता बघता दीड किलो होतात.

एखादं हॉटेल किंवा खानावळ मिळाली तर घरांची संख्या निम्म्यावर येते. आठवड्याला २ किलो घेणारं एक स्वयंपाकघर म्हणजे वीस घरांची पायपीट वाचली. पण तिथे दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर जा, मुख्य आचाऱ्याला भेटा आणि सोबत ताजा अर्धा किलो न्या. त्यांना भाव एवढा महत्त्वाचा नसतो जेवढं सातत्य. झुपके एकसारखे हवेत, ठरल्या दिवशी हवेत, आणि एखादा आठवडा चुकला तर पदार्थच यादीतून काढावा लागतो. म्हणून तुमच्या सर्वांत वाईट आठवड्यात जेवढं निघतं तेवढ्याचाच शब्द द्या. ४ किलो निघत असेल तर दोनचा. पैशांची मुदत पहिल्याच दिवशी बोलून घ्या. महिन्याची उधारी म्हणजे चार आठवड्यांचा तुमचा खर्च त्यांच्याकडे अडकतो.

भाजीच्या दुकानात किंवा घाऊक व्यापाऱ्याकडे द्यायचं का, याचं उत्तर पुन्हा किलोच्या हिशोबात मिळतं. समजा तिथे थेट भावाच्या दोन-तृतीयांश मिळतात. पाकिटं आणि पोहोच मिळून ६०० ग्रॅम वाचले, खर्च २ किलो २०० वर आला. पण ४ किलोचे पैसे आता २ किलो ६७० ग्रॅमएवढेच येतात. उरलं अर्ध्या किलोच्याही खाली, दहा तासांच्या कामाचं. शिवाय दुकानदार न विकलेला माल परत देतो तो परतावा तुमच्याच माथी. दहा बेडांच्या मापात घाऊक विक्री परवडत नाही. अडीअडचणीला जास्तीचा माल संपवायची ती जागा आहे, एवढंच.

स्पॉन आणि प्रशिक्षण महाग विकून "माल आम्हीच परत घेऊ" असं सांगणारे भेटतील. त्यांना तीन गोष्टी लेखी मागा: कोणता भाव, कोणत्या प्रतीला, आणि किती दिवसांत उचलणार. "फक्त वाळवलेलं घेऊ" असं उत्तर आलं तर दहाला एकचा हिशोब आठवा. ज्याच्याकडून ते दोन वर्षांपासून माल घेताहेत अशा एखाद्या शेतकऱ्याशी बोलायला मागा. तो नंबर मिळाला नाही तर पुढे जाऊ नका. पाकीटबंद खाद्यपदार्थ विकायला बहुतेक ठिकाणी नोंदणी लागते, ती हॉटेलशी बोलणी करण्याआधी करून घ्या.

तुमच्यासाठी क्रम असा असू द्या. आधी सहा चाचणीचे बेड, फक्त ड्रम आणि साध्या मांडणीवर, तंबू आणि पंख्यात पैसे न घालता. त्यांची नोंद ठेवा: प्रत्येक बेडावर भरल्याची तारीख आणि स्पॉनच्या पाकिटाचा क्रमांक, तोडणीचं वजन, खराब झाला तर कुठून आणि कितव्या दिवशी. या सहांपैकी चार तरी नीट फुलले आणि वाटलेल्या घरांपैकी पंधरा जणांनी पुन्हा मागितलं, तर तंबू बांधून आठवड्याला दहा सुरू करा. चौघांऐवजी दोनच फुलले तर आणखी सहा भरा, बाकी काही विकत घेऊ नका. सलग आठ आठवडे सगळा माल तोडल्यापासून तीन दिवसांत गेला, एकही पाकीट परत आलं नाही, आणि नव्या गिऱ्हाइकाला "या आठवड्यात उरलं नाही" असं सांगावं लागलं, तर दहाचे पंधरा करा. मात्र त्या खोलीत दहाच्या पुढे जायचं असेल तर बेड पांढरे होण्याची जागा दुसरीकडे न्यावी लागेल.